स्क्लेरल लेन्समध्ये आरओचं पाणी? नको रे बाबा

"केराटोकोनस आहे? स्क्लेरल लेन्स लावा, आजार तिथेच थांबतो, क्रॉसलिंकिंगचा खर्च वाचतो. लेन्समध्ये महागडं सलाईन कशाला, आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी भरा, नाहीतर लेन्स बुडवून ठेवायचं सोल्यूशन भरा. दुपारी धूसर दिसायला लागलं तर ती लेन्स तुम्हाला मानवत नाही, सोडून द्या."

हडपसरच्या माझ्या मावसभावाने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, खरंय का?" त्याचं वय एकोणीस, केराटोकोनस, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार, गेल्या महिन्यात निघाला. मी सात वर्षं स्क्लेरल घालतोय, म्हणून त्यालाच सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचं, कारण डोळा जाण्याची भीती तिथे आहे. साधी आरजीपी, म्हणजे कडक कॉन्टॅक्ट लेन्स, नऊ-दहा मिलिमीटरची असते आणि बुबुळावर बसते. पापणी लवली की तिच्याखाली नवे अश्रू सरकतात. स्क्लेरल साधारण १५ ते १८ मिलिमीटरची. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि बुबुळावरून पुलासारखी जाते. मधल्या पोकळीत सकाळी भरलेला द्रव फारसा बदलतच नाही, बुबुळ दिवसभर त्यातच बुडालेलं असतं. डोळे फार कोरडे असणाऱ्यांना या लेन्सने आराम पडतो तो याच साठ्यामुळे. पण साठ्यात चुकीचं काही गेलं तर तेही रात्रीपर्यंत तिथेच राहतं.

आरओचं पाणी प्यायला ठीक, पण ते निर्जंतुक नसतं. टाकीच्या, नळाच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो बुबुळात शिरला की दुखणं भयंकर असतं आणि उपचार कित्येक महिने चालतात. उकळलेल्या पाण्यातले जंतू मेले तरी त्यात मीठ नसतं, त्यामुळे बुबुळ ते शोषून सुजतं. लेन्स ठेवायच्या सोल्यूशनमध्ये जंतुनाशकं असतात. ती डबीत हवीत, बुबुळावर दहा तास नकोत. भरायचं ते प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं, एकदाच वापरायचं सलाईन. केमिस्टकडून घेताना ०.९ टक्के लिहिलंय ना बघ, कारण ३ आणि ५ टक्क्यांचंही मिळतं. आणि उघडलेली कुपी उद्यासाठी ठेवू नकोस.

आता दुपारचं धुकं. मलाही पहिल्या वर्षी व्हायचं. तीन वाजले की कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात स्क्रीनवर साय धरल्यासारखं दिसायचं. लेन्स काढून नवं सलाईन भरलं की लगेच स्वच्छ. म्हणजे कचरा साठ्यात जमत होता. नुसता वरचा थर असता तर लेन्स पुसूनच गेला असता. आणि लेन्स काढल्यावरही धूसर दिसलं, दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडी दिसली, तर बुबुळ सुजलंय असं समजून लेन्स बाहेर ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

माझ्या फिटरने चार तास लेन्स घालायला लावून मग तपासलं. लेन्समध्ये हिरवा रंग घालून स्लिट लँपखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिलं, तर लेन्सची जाडी ३०० मायक्रॉन आणि खालचा हिरवा थर त्याहूनही जाड, सुमारे ४००, म्हणजे साठा गरजेपेक्षा खोल. शिवाय नाकाच्या बाजूने कड उचललेली. डोळ्याचा पांढरा भाग सगळीकडून सारखा गोल नसतो, त्यामुळे गोल कड एका अंगाने उघडी राहते आणि तिथून कचरा आत जातो. नव्या लेन्सची उंची १५० मायक्रॉनने कमी केली, कड टोरिक, म्हणजे दोन दिशांना वेगळ्या वळणाची, केली. तेव्हापासून क्वचितच होतं. लेन्स सोडायची नव्हती, बदलून घ्यायची होती. (जिथे पहिली लेन्स बसवली तिथे मात्र "सवय होईल" एवढंच ऐकवलं होतं. उंची कमी करतानाही लेन्स बुबुळाला टेकणार नाही याची काळजी घ्यावी लागते, म्हणून हे मोजूनच करायचं काम.)

राहिला आजार थांबण्याचा मुद्दा. लेन्स वेड्यावाकड्या बुबुळापुढे गुळगुळीत पृष्ठभाग उभा करते, म्हणून स्पष्ट दिसतं. आतलं बुबुळ पातळ होत राहिलं तर ते लेन्सला थांबवता येत नाही. ते काम क्रॉसलिंकिंगचं, म्हणजे थेंब आणि अतिनील किरणांनी बुबुळ घट्ट करण्याच्या उपचाराचं, आणि एकोणिसाव्या वर्षी आजार वाढण्याची शक्यता जास्त असते. तुला ते लागेल की नाही हे टोपोग्राफीची, म्हणजे बुबुळाच्या आकाराच्या नकाशांची, तुलना करून ठरेल. पुढे लेन्स घ्यायला लागलास की टोपोग्राफीच्या किती दिवस आधी ती बंद ठेवायची ते विचारून घे, कारण लेन्स घातल्याने बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि आकडे फसवे येतात.

आणि हो, मेसेज वाचताना डोळे चोळत असशील तर हात खाली घे. केराटोकोनस वाढायला चोळण्याने हातभार लागतो.