मिस्त्री निवृत्त होताहेत? घ्या, ज्ञान हस्तांतरणाचा बिनधोक आराखडा

तुमच्या पंपहाउसमधले ज्येष्ठ फिटर, म्हणजे सगळ्यांचे मिस्त्री, या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. बातमी अगदी अचानक आली, हे आधी सगळ्यांच्या गळी उतरवा. त्यांची जन्मतारीख नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होती, हा विषय बैठकीत कोणी काढलाच तर पुढचा मुद्दा घ्या. आणि हस्तांतरण शेवटच्या आठवड्यातच सुरू करा. सहा महिने आधी सुरू केलं तर तेवढ्यात एखादा पंप खरोखरच बिघडेल, वारसदार शेजारी उभा असेल आणि नकळत काहीतरी शिकून बसेल. हा धोका पत्करू नका.

पहिलं काम तक्त्याचं. डावीकडे कामाचं नाव, मध्ये पायऱ्या, उजवीकडे ‘हस्तांतरण झाले, टक्के’. तक्ता मिस्त्रींच्या हातात द्या आणि दोन दिवसांत भरून मागा. ज्यांनी आयुष्यभर पाना धरला त्यांना रकाने भरायला लावण्यात एक मोठा फायदा असतो: ते थोडक्यात आटोपतात. सेंट्रिफ्यूगल पंपाचं ग्लँड पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवतीची गळती रोखणाऱ्या रिंगा, बदलणे या कामापुढे ते लिहितील, ‘जुनं पॅकिंग काढणे, नवीन भरणे, ग्लँड गरजेनुसार आवळणे.’ यात चूक काहीही नाही. शंभर टक्के लिहून टाका.

‘गरजेनुसार’ म्हणजे किती, हे मात्र विचारू नका. विचारलंत तर प्रकरण लांबतं. कारण मग कळतं की पंप सुरू करताना पॅकिंग दाबून धरणाऱ्या ग्लँडचे नट नुसते बोटांनी बसवायचे असतात आणि पाणी चांगलं धारेने गळू द्यायचं असतं. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट एकेक कड, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, सारखे फिरवायचे. मग पुन्हा दहा मिनिटं हात बांधून उभं राहायचं. पॅकिंग लगेच ऐकत नाही. दाब आतल्या रिंगांपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि गळती हळूहळू उतरते. असं करत मध्यम आकाराच्या पंपाला मिनिटाला साधारण 40 ते 60 थेंबांवर आणून थांबायचं. शून्यावर नाही. तो थेंब शाफ्टवरच्या स्लीव्हला थंड ठेवतो आणि वंगणाचंही काम करतो. पण असलं सगळं लिहायचं तर रकाना रुंद करावा लागेल, आणि मग तक्ता एका पानावर छापता येणार नाही.

आता वारसदार निवडा. ज्याचे तक्ते सुबक असतात तो घ्या. त्याला मिस्त्रींच्या मागे उभं करा आणि वही द्या. पॅकिंग हूक त्याच्या हातात जाऊ देऊ नका. काम त्याने करायचं आणि मिस्त्रींनी हात खिशात घालून बघायचं, अशी उलटी पद्धत काही लोक सुचवतील. ती वेळखाऊ आहे आणि बघवत नाही. वारसदार रिंगा अंदाजाने कापेल, शाफ्टच्या मापाच्या रुळावर गुंडाळून नाही. एक रिंग आखूड पडेल आणि सांध्यात फट राहील. दुसरी लांब होईल आणि बसताना फुगेल. मिस्त्री ‘अरे थांब!’ म्हणतील. नेमका त्या ‘थांब’चाच तक्त्यात रकाना नसतो. मिस्त्री कुठे थांबवतात हे दहा वेळा टिपलं तर हातात त्यांचं खरं ज्ञान येईल, पण तेवढ्या वेळात चार बैठका होतात.

प्रात्यक्षिक तरीही हवंच, कारण फोटो लागतात. त्यासाठी पंप निवडताना काळजी घ्या. जो पंप दर दोन-तीन महिन्यांनी पॅकिंग खातो, तो टाळा. राखीव पंप घ्या: नवी स्लीव्ह, ताजे बेअरिंग, स्वच्छ पाणी. पॅकिंग ज्यात बसतं त्या स्टफिंग बॉक्सचा आतला व्यास 75 मिलिमीटर, स्लीव्ह 50 मिलिमीटर. फरक 25, त्याचा निम्मा 12.5, म्हणजे 12.5 मिलिमीटरचं चौकोनी पॅकिंग. हिशेब सोपा आहे, फळ्यावर छान दिसतो, आणि वारसदाराला वाटतं की विद्या आली. आत दोन रिंगा, मग भोकातून येणारं सील पाणी पॅकिंगला पोचवणारी लँटर्न रिंग, मग तीन रिंगा. प्रत्येक रिंगेचा सांधा आधीच्या रिंगेच्या सांध्यापासून 90 अंश फिरवलेला. सगळं सुरळीत होईल. व्हिडिओसुद्धा करून घ्या. त्यात बराच वेळ मिस्त्रींची पाठ दिसेल, पण आवाज स्पष्ट येईल: ‘आता हे असं बसवायचं.’

‘असं’ म्हणजे कसं, ते पाठीआड राहू द्या. नाहीतर दिसेल की लँटर्न रिंग त्यांनी पाण्याच्या भोकाच्या बरोब्बर खाली ठेवलेलीच नाही, किंचित ग्लँडच्या बाजूला ठेवली आहे. रेखाचित्रात ती भोकाखालीच असते. पण ग्लँड आवळला की आतल्या रिंगा दबतात आणि लँटर्न रिंग आत सरकते. तेव्हा ती आपोआप भोकाखाली येते. रेखाचित्राबरहुकूम ठेवली तर आवळल्यावर भोकाच्या पुढे जाते, सील पाण्याची वाट अडते आणि पॅकिंग आतून कोरडं पडतं. मिस्त्रींना हे सांगावंसं वाटणार नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आपण हे करतो याकडे त्यांचंच लक्ष उरलेलं नसतं.

तज्ज्ञाच्या डोक्यातलं तज्ज्ञालाच ठाऊक नसतं, ही अडचण थोरामोठ्यांनाही आली आहे, तेव्हा संकोच नको. अमेरिकेत 1975 ते 1989 या काळात ओक रिजच्या कारखान्यात अण्वस्त्रांसाठी ‘फॉगबँक’ नावाचा एक गुप्त पदार्थ बनत असे. नंतर तो कारखाना मोडला. पुढे पुन्हा गरज पडली तेव्हा नोंदी तुटपुंज्या होत्या आणि ते काम केलेली माणसं बहुतेक गेलेली होती. नवी यंत्रणा उभारली, आणि माल जमेना. अखेरीस कळलं की पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि पदार्थ तिच्यामुळेच नीट बनायचा. नव्या पद्धतीत शुद्धीकरण इतकं चोख होतं की तीच निघून गेली होती. जुन्या कामगारांना तरी ते कुठे माहीत होतं! त्यामुळे तुमचा तक्ता अपुरा राहिला तर हे उदाहरण तोंडपाठ असू द्या.

मिस्त्रींना प्रश्न विचारायचेच असतील तर ‘तुम्ही काय काय करता?’ एवढाच विचारा. उत्तरात पायऱ्या येतील, आणि पायऱ्या निर्मात्याच्या पुस्तिकेतही आहेत. ‘मागच्या वेळी हा पंप सतावत होता तेव्हा आधी काय पाहिलंत, आणि तेच का?’ हा प्रश्न मात्र निषिद्ध समजा. त्याने माणूस बोलता होतो. मग ते सांगत सुटतात की गळती रिंगेच्या आतून, शाफ्टलगत येते की बाहेरून, बॉक्सच्या भिंतीलगत, हे आधी बघायचं. की जुनं पॅकिंग काढताना लँटर्न रिंगेच्या मागच्या दोन रिंगा हमखास आत राहतात. म्हणून निघालेल्या रिंगा मोजायच्या. की स्लीव्हवरून नख फिरवायचं: नख अडकलं तर खाच पडली आहे, मग पॅकिंग कितीही बदला, ते खरवडून निघणार, स्लीव्हच बदलायची. की गळती शाफ्टच्या फेऱ्याबरोबर कमी-जास्त होत असेल तर पॅकिंगला शिव्या न देता डायल गेज लावून शाफ्टचं डोलणं बघायचं, कारण दुखणं बेअरिंगमध्ये किंवा वाकलेल्या शाफ्टमध्ये असतं. एवढं ऐकून घेतलंत तर तुम्हाला एक अख्खी दुपार बसून लिहावं लागेल, आणि ती दुपार निरोप समारंभाच्या तयारीसाठी राखलेली आहे.

समारंभानंतर साधारण काय घडेल, तेही आराखड्यात धरून ठेवा. पॅकिंग खाणारा तोच पंप गळू लागेल. वारसदार तक्ता उघडेल, गरजेनुसार आवळेल. गळती लगेच कमी होणार नाही, म्हणून आणखी एक फेरा. मग आणखी अर्धा. पाच मिनिटांनी थेंब पूर्ण बंद होतील आणि तो समाधानाने रजिस्टरमध्ये ‘गळती शून्य’ लिहील. त्याबद्दल त्याचं कौतुक जरूर करा. थोड्याच वेळात ग्लँडमधून धूर आणि जळकट वास येईल. घाबरून तो पंप चालू असतानाच नट ढिले करेल. पण रिंगा तोवर शाफ्टला चिकटून कडक झालेल्या असतात. ग्लँड मागे घेतला की अख्खा संच बॉक्सच्या तळापासून बाहेर सरकतो, शाफ्टवरची पकड तशीच राहते आणि पाणी रिंगांच्या बाहेरच्या अंगाने वाट काढतं. म्हणजे एकाच वेळी गरमही आणि गळकाही. पंप बंद करून पॅकिंग थंड होऊ द्यायचं आणि मग पुन्हा सुरू करून बघायचं, हे पुस्तिकेत आहे. पण पुस्तिका कोणत्या कपाटात आहे हे मिस्त्रींनाच माहीत.

एक जरा खोडसाळ प्रकार राहिला. थेंब नाही, धूर नाही, आणि पंप पाणी ओढणं सोडतो. बॉक्समधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असेल आणि सील पाणी बंद असेल, तर पॅकिंगमधून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. वरून बघणाऱ्याला यासारखं निर्दोष पॅकिंग दुसरं दिसणार नाही. वारसदार दोन दिवस सक्शन लाइनचे जोड तपासत बसेल. बसू द्या, अनुभव मिळतो. मिस्त्रींनी आल्या आल्या सील पाण्याच्या बारीक पाइपाला हात लावून पाहिला असता, पण हात लावणे ही पायरी कुठेच नोंदलेली नाही.

शेवटी सह्या. मिस्त्रींची, वारसदाराची, तुमची. ‘सर्व ज्ञान हस्तांतरित झाले’ या वाक्याखाली तीन रेघा पुरतात. तक्त्याच्या तळाशी ठळक चौकटीत लिहा, ‘अडचण आल्यास मिस्त्रींना फोन करावा’, आणि त्यांचा नंबर द्या. तो नंबर कंपनीच्या सिमचा आहे. शेवटच्या दिवशी ओळखपत्राबरोबर ते सिमही जमा करून घ्यायला विसरू नका.