प्रबंध शुद्ध करण्याची दहा मिनिटांची पद्धत

प्रबंधाच्या पाच प्रती उद्या दुपारी बांधणीला जायच्या आहेत, पाने दोनशे ऐंशी आहेत आणि मुद्रितशोधक म्हणतो, "किमान पंधरा दिवस द्या." अशा माणसाच्या नादी लागू नका. दोनशे ऐंशी पाने दोनदा वाचायची म्हणे, त्यातही एकदा नुसती शुद्धलेखनासाठी. संगणक नव्हता तेव्हाच्या या सवयी. तुमच्याकडे Ctrl+H आहे, त्यात Replace All नावाचे बटण आहे, आणि ते दमत नाही, चहा मागत नाही, समासात प्रश्नचिन्हेही काढत नाही.

उदाहरणादाखल विषय घेऊ : "कोरडवाहू शेतकऱ्यांचे सांस्कृतिक जीवन". टंकलेखकाने सगळीकडे "संस्कृति", "प्रकृति", "कृति" असे ऱ्हस्व छापून ठेवले आहे. मराठीत हे शब्द एकेकटे आले की शेवटचा इकार दीर्घ, एवढे तुम्हाला माहीत आहे आणि एवढे पुरेसे आहे. तीन शब्द तीन वेळा कशाला बदलायचे? सगळ्यांत समान तुकडा "कृति". वरच्या चौकटीत "कृति", खालच्या चौकटीत "कृती", आणि Replace All. तीनशेच्या आसपास जागी बदल झाल्याचा निरोप येईल. हा आकडा जितका मोठा, तितके काम चोख झाले असे धरून चालावे.

त्या तीनशेंत "सांस्कृतिक" हा शब्दही होता, हे निरोपात लिहिलेले नसते. यंत्र शब्द ओळखत नाही, अक्षरांची माळ ओळखते, आणि "सांस्कृतिक"च्या पोटात "कृति" जशीच्या तशी बसलेली आहे. आता तिथे "सांस्कृतीक" झाले : मुखपृष्ठावर, प्रमाणपत्रावर, प्रत्येक पानाच्या शीर्षपट्टीत. विद्यापीठात नोंदवलेले शीर्षक एक आणि बांधलेल्या प्रतीवरचे दुसरे. शिवाय "कृतिशील"चे "कृतीशील" आणि "कृतिआराखडा"चे "कृतीआराखडा" झाले. ऱ्हस्व इकारान्त तत्सम शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्वच राहतो, ही जुनी कटकट आहेच. ती लक्षात ठेवणाऱ्यांना दुसरा उद्योग नसतो.

चुकूनही नंतर "तीक" शोधून पाहू नका. "प्रतीक"सारखे एखाददुसरे निरपराध नाव सोडले, तर आपण केलेले सगळे "सांस्कृतीक" पराक्रम त्या एका शोधात ओळीने उभे राहतात आणि झोप जाते. तांबड्या नागमोडी रेषा दिसत असतील तर त्यावरही उपाय आहे : शब्दावर उजवी टिचकी मारून Add to Dictionary. एकदा "सांस्कृतीक" कोशात गेला की तो शब्द शुद्ध झाला, निदान तुमच्या संगणकापुरता. पुढच्या प्रबंधातही तो तक्रार करणार नाही.

मग जमिनीकडे वळू. टंकलेखकाने "जमिन" लिहिले आहे, हवे "जमीन". अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, म्हणून जमीन, गरीब, वडील. बदला सरसकट. पण विभक्तीचा प्रत्यय लागला की हाच इकार आखडतो : जमिनीचा, गरिबांना, वडिलांचे. टंकलेखकाने हे योगायोगाने बरोबरच लिहिले होते. आता शेतीच्या प्रबंधात "जमीन" एकटी किती वेळा येते आणि "जमिनीचा, जमिनीवर, जमिनीतून" किती वेळा, याचा हिशेब मांडून पाहा. बरोबर असलेले बहुसंख्य शब्द बिघडवून चुकलेले मूठभर सुधारणे याला संपादकीय धाडस म्हणतात. गंमत म्हणजे "शरिर" बदलून "शरीर" केले असते तर काही बिघडले नसते, कारण तत्सम शब्द "शरीराला" म्हणतानाही दीर्घच राहतो. म्हणजे कोणता शब्द तत्सम आणि कोणता नाही हे आधी ठरवावे लागते. दहा मिनिटांत ते कसे बसणार?

या पद्धतीचे खरे वैभव मात्र "र्या"मध्ये आहे. "शेतकर्यांना", "दुसर्या", "अपुर्या" असा रफार जिकडेतिकडे पडलेला दिसतो. तिथे हवा "ऱ्या" : शेतकऱ्यांना, दुसऱ्या, अपुऱ्या. वर "र्या", खाली "ऱ्या", Replace All. शेतकरी सुधारले. त्याच टिचकीत "पर्याय"चे "पऱ्याय", "मर्यादा"चे "मऱ्यादा", "कार्यालय"चे "काऱ्यालय" झाले. पण हे किरकोळ, निदान डोळ्यांना खुपते तरी. ऋणनिर्देशाचे पान उघडा. तिथे "माझ्या मार्गदर्शक आचार्यांचे ऋण" होते, तिथे आता "माझ्या मार्गदर्शक आचाऱ्यांचे ऋण" आहे. आचार्य म्हणजे गुरू आणि आचारी म्हणजे स्वयंपाकी. दोन्ही रूपे मराठीत शुद्ध, त्यामुळे कोणताही शुद्धलेखन तपासनीस तक्रार करणार नाही. मार्गदर्शक करतील.

घाबरून उलटी आज्ञा देण्याचा मोह होईल : "ऱ्या"चे पुन्हा "र्या". अवश्य द्या. आचार्य परत येतील आणि मुळात बरोबर असलेल्यांसकट सगळे शेतकरी रफाराखाली जातील. Ctrl+Z चालला असता, पण तुम्ही मघाशी धारिका जतन करून बंद केली आणि मूळ प्रत वेगळ्या नावाने ठेवली नव्हती. जुन्या लोकांची ती आणखी एक खोड : आधी प्रत करायची, मग Replace All ऐवजी Find Next दाबत एकेक जागा पाहायची आणि हो किंवा नाही ठरवायचे. तीनशे जागांना फार तर तासभर लागतो. तासभर!

अवतरणांची चिंता करू नका. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांतले उतारे तुम्ही जसेच्या तसे उतरवले होते, "कांहीं" आणि "नांव" यांच्यावरच्या अनुस्वारांसह. "कांही"चे "काही" करताना यंत्राने त्या उताऱ्यांत "काहीं" असे रूप तयार केले आहे, जे ना जुन्या नियमांत बसते ना नव्या. मूळ लेखक आता हयात नसेल तर प्रश्नच मिटला.

उरले ते एक टिंब. "१२० शेतकऱ्याचे सर्वेक्षण" असे चौथ्या प्रकरणात आहे. "शेतकऱ्याचे" हा शब्द शुद्ध, "शेतकऱ्यांचे" हाही शुद्ध. पहिल्यात एक शेतकरी, दुसऱ्यात अनेक. कोणत्या जागी कोणता, हे आधीचा आकडा आणि आजूबाजूचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वाचायचे नाही असे आपले ठरलेले आहे. सरसकट टिंब द्यावे तर तिसऱ्या प्रकरणातला, एकट्याने मुलाखत दिलेला शेतकरी अनेकवचनी होतो. तेव्हा टिंबांच्या वाटेला न जाणे उत्तम.

परीक्षकांनी चुकांची यादी पाठवलीच, तर घाबरू नका. एक पान छापून प्रबंधाच्या शेवटी चिकटवायचे असते. फक्त त्या पानावरही आधी "शुद्धि"चे "शुद्धी" सरसकट करून घ्या, म्हणजे माथ्यावर ठळक अक्षरांत येईल : शुद्धीपत्र.