बीमनचा वारा आणि लुईसचा वारा

18 ऑक्टोबर 1968 ला मेक्सिको सिटीत बॉब बीमनने 8.90 मीटर लांब उडी मारली. पाठीमागून वारा होता 2.0 मीटर प्रति सेकंद. नियमाची मर्यादाही बरोबर तेवढीच, त्यामुळे विश्वविक्रम मंजूर झाला. 30 ऑगस्ट 1991 ला टोकियोत कार्ल लुईसने 8.91 मारली, बीमनपेक्षा एक सेंटिमीटर जास्त. पण वारा निघाला 2.9. ती उडी त्या स्पर्धेतल्या क्रमवारीसाठी धरली गेली, विक्रमासाठी मात्र नाही. (थोड्याच वेळात माइक पॉवेलने 0.3 वाऱ्यात 8.95 मारली, तो भाग वेगळा.)

एक उडी कायदेशीर, दुसरी नाही. माझं म्हणणं असं की हवेच्या दृष्टीने पाहिलं तर या दोघांना मिळालेली मदत जवळजवळ सारखीच होती. नियम वारा मोजतो, उंची मोजत नाही, एवढाच काय तो फरक.

ढोबळ हिशेब करून बघू. धावणाऱ्याला हवेचा जो विरोध होतो तो दोन गोष्टींवर ठरतो: हवा किती दाट आहे, आणि त्या हवेच्या तुलनेत धावपटू किती वेगाने पुढे जातोय. हा दुसरा भाग वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रसपाटीला, वारा शून्य असताना, धावपटूचा वेग सेकंदाला 10 मीटर धरला तर 10 चा वर्ग 100. हा आपला पाया. आता पाठीमागून 2 मीटरचा वारा आला की हवेच्या तुलनेतला वेग उरतो 8, त्याचा वर्ग 64. म्हणजे कायदेशीर वाऱ्यातच विरोध 36 टक्क्यांनी कमी झाला.

मेक्सिको सिटी साधारण 2240 मीटर उंचीवर आहे. तापमान सारखं धरलं तर तिथली हवा समुद्रसपाटीच्या सुमारे 78 टक्केच दाट असते. वाऱ्याची झुळूकही नसताना विरोध 100 वरून 78 वर येतो. त्यात बीमनचा 2 मीटरचा वारा मिळवा: 64 चे 78 टक्के, म्हणजे 50. विरोध सरळ निम्मा. समुद्रसपाटीला एवढाच दिलासा मिळायला वारा किती लागेल? ज्याचा वर्ग 50 येतो तो आकडा 7.1, म्हणून वारा हवा 2.9. टोकियोतला लुईसचा आकडा नेमका तोच.

यावरून बीमनचा विक्रम खोटा होता असा अर्थ कुणी काढू नये. आधीचा विक्रम 8.35 होता, 55 सेंटिमीटरची झेप हवेने घडत नाही. वेगात धावताना ताकदीचा थोडाच भाग हवा कापण्यात जातो, म्हणून विरोध निम्मा झाला तरी वेग काही दुप्पट होत नाही. 100 मीटरमध्ये 2 मीटरच्या वाऱ्याने पुरुषांचा साधारण एक दशांश सेकंद वाचतो, आणि मेक्सिको सिटीच्या उंचीने त्याहून थोडा कमी. पण विक्रम शतांशाने मोडतात, तिथे हा एक दशांश फार मोठा आहे.

आता तो 2.0 चा आकडा येतो कुठून ते पाहू, कारण बहुतेकांना वाटतं की उडीच्या क्षणाचा वारा मोजतात. तसं नाही. लांब उडीत विंड गेज टेकऑफच्या रेषेपासून 20 मीटर मागे, रनवेच्या कडेला दोन मीटरच्या आत, जमिनीपासून 1.22 मीटर उंचीवर असतं. खेळाडू टेकऑफपासून 40 मीटरवरच्या खुणेपाशी आला की मोजणी सुरू होते आणि 5 सेकंद चालते. तिहेरी उडीत हीच खूण 35 मीटरवर असते. या 5 सेकंदांची सरासरी म्हणजे तुमचा आकडा. शेवटच्या चार पावलांत जोराची झुळूक आली आणि आधी हवा पडलेली होती, तर आकडा कायदेशीर येतो. याच्या उलटही होतं. 100 मीटरच्या शर्यतीत गेज अंतिम रेषेपासून 50 मीटरवर, आतल्या लेनच्या बाजूला असतं आणि मोजणी 10 सेकंदांची असते. आठव्या लेनमधल्या धावपटूलाही तोच आकडा लागतो. वारा तिरका असेल तर त्यातला फक्त धावण्याच्या दिशेचा भाग धरतात.

आणि पूर्णांकन नेहमी खेळाडूच्या विरोधात जातं. गेजवर 2.01 आलं तरी निकालात 2.1 लिहितात. 2018 मध्ये स्टॉकहोमला क्युबाच्या हुआन मिगेल एचेवारियाची 8.83 ची उडी 2.1 वाऱ्यामुळे अशीच 'विंड असिस्टेड' ठरली. हा कडकपणा मला योग्य वाटतो. सीमारेषा आखली की कुणीतरी तिच्या पलीकडे पडणारच.

मात्र यंत्राभोवती माणसं असतात हेही लक्षात ठेवा. 1995 मध्ये इटलीतल्या सेस्त्रिएरेला इव्हान पेद्रोसोने 8.96 मारली, वारा नोंदला गेला 1.2. गाव 2000 मीटरच्या वर, उंचीचा फायदा अगदी नियमात बसणारा. पण चित्रीकरणात एक माणूस गेजच्या समोर उभा राहिलेला दिसला, म्हणजे यंत्रापर्यंत वारा नीट पोचतच नव्हता. तो विक्रम मंजूर झाला नाही. एका मैदानात सलग उड्यांचे आकडे पाहताना एखादाच आकडा बाकीच्यांपेक्षा विचित्र कमी दिसला की मला आधी हाच प्रश्न पडतो: गेजसमोर कोण उभं होतं? 1968 ला मेक्सिकोतही तिहेरी उडीत सोव्हिएत संघाच्या सानेयेव्हच्या 17.39 ला वारा बरोबर 2.0 नोंदला गेला. बीमनचाही 2.0 च. योगायोग असेल. पण भुवया उंचावतात.

उंचीबाबत नियम काय करतो? 1000 मीटरच्या वर झालेल्या कामगिरीपुढे यादीत 'A' लिहितात, बस्स. विक्रम मंजूर होतो. माझ्या मते वाऱ्याची मर्यादाच उंचीप्रमाणे सरकती ठेवायला हवी. वरचाच हिशेब उलटा केला तर मेक्सिको सिटीत मर्यादा 0.9 येते, कारण तेवढ्या वाऱ्यात तिथला विरोध समुद्रसपाटीच्या 2.0 इतका होतो. एकदा तक्ता छापला की पंचाला फक्त मैदानाची उंची पाहायची. जुने विक्रम काढून घ्यायची गरज नाही. नियम बदलला की तो पुढच्यांना लागतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप तापमानाचा आहे. हवा 15 अंशांवरून 35 अंशांवर गेली की घनता साधारण साडेसहा टक्क्यांनी घटते, म्हणजे सहा-सातशे मीटर उंची चढल्यासारखंच. मग उन्हाळी दुपारचीही वजावट करायची का? उत्तर असं की मैदानाची उंची कायम असते, एकदाच मोजावी लागते. तापमान दर तासाला बदलतं आणि ट्रॅकवर कुठे मोजलं यावरही हलतं. म्हणून उंचीचा तक्ता व्यवहारात चालेल, तापमानाचा चालणार नाही. 400 मीटरला तर वाऱ्याची अटच नाही, कारण पूर्ण फेरीत वारा एका बाजूला मदत करतो आणि दुसऱ्या बाजूला अडवतो. पण विरळ हवा फेरीभर मदतच करते. 1968 मध्येच ली इव्हान्सने मेक्सिको सिटीत 43.86 धावून विक्रम केला. सरकत्या मर्यादेने या शर्यतीचा प्रश्न सुटत नाही, तिथे 'A' वरच भागवावं लागेल.