तळातला मणी

मार्चचं ऊन तापायला लागलं, की बार्शी रस्त्याला नान्नजच्या आसपास द्राक्षांच्या पेट्या मांडून माणसं बसतात आणि आपली गाडी आपोआप थांबते. वरचे घड बघून पेटी घेतली जाते. तळातले घड घरी गेल्यावर भेटतात. यंदा तळात एक मणी राखाडी मखमल पांघरून बसला होता.

अशा वेळी आमच्या घरात दोन पक्ष पडतात. आईचं म्हणणं, तेवढा मणी काढा, बाकीचं धुवा, खा. बायकोचं म्हणणं, अख्खी पेटी सकाळी घंटागाडीत. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, हे तिला शाळेपासून पाठ आहे. शिवाय तिच्याकडे पुरावाही होता. "हे बघा, सगळ्याच मण्यांवर पांढरं चढलंय!"

यावर आईने घड उचलला आणि नाकाला लावला. आमच्या घरात दुधापासून गॅसच्या नळीपर्यंत सगळ्याची अंतिम तपासणी नाकानेच होते.

मी काही न बोलता चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याची द्राक्षबाग आहे. दोन्ही पक्षांना मान्य होईल असा नातेवाईक आमच्यात तेवढाच.

"काकू, आधी ते नाकापासून लांब करा! बुरशीची पूड छातीत जाते की ओ." आईने घड खाली ठेवला, पण मान्य केल्यासारखं नाही. मग तो बायकोकडे वळला. "वहिनी, ते पांढरं बोटानं पुसा बघू." तिने पुसलं. खालून चकचकीत हिरवा, टणक मणी निघाला. ते द्राक्षाचं स्वतःचं मेण. सगळ्या मण्यावर पातळ, सारखं पसरलेलं असतं आणि आतला ओलावा धरून ठेवतं. बुरशी ठिपक्याने सुरू होते, बहुतेकदा देठापाशी नाहीतर चीर पडलेल्या जागी. तिला लव असते आणि पुसली तरी खालची साल तपकिरी, मऊ लागते.

म्हणजे वहिनींचा पुरावा बाद. आई खुलली, पण तिचंही फार वेळ चाललं नाही.

भाऊ म्हणाला, आंब्याची आढी वेगळी. पिकणारा आंबा वायू सोडतो, त्याने शेजारचा आंबाही लवकर पिकून मऊ पडतो आणि मऊ फळ लवकर सडतं. द्राक्ष तोडल्यावर पुढे पिकतच नाही, त्यामुळे तो प्रकार इथे नाही. इथे रोग अंगाला अंग लागून जातो. सडका मणी फुटतो, रस गळतो, शेजाऱ्याची साल ओली होते आणि बुरशीचे धागे एकातून दुसऱ्यात शिरतात. तिची पूड तर पेटीभर उडालेली असतेच, पण धड, कोरड्या सालीतून आत शिरणं तिला अवघड जातं. म्हणून बघायचं ते शेजाऱ्यांकडे. ओला आहे का, मऊ आहे का, देठापाशी सुटलाय का.

मग कात्री आली. घड न हलवता तो मणी देठासकट कापला. त्याला चिकटलेले चार मणी दिसायला साळसूद होते. दाबल्यावर दोन दबले, एक देठातून अलगद सुटला, चौथा टणक निघाला. पण त्याच्या अंगावर रस वाळलेला होता, म्हणून तोही गेला. इथे आईचा जीव तुटला. "चांगला होता की रे तो!" त्यापलीकडचे घड कोरडे होते, ते राहिले.

आई ते धुवायला निघाली, तर फोनमधून पुन्हा ओरडा. आत्ता धुवून ठेवले तर देठाशी पाणी साचतं आणि बुरशीला तेच हवं असतं. धुवायचं ते खायच्या आधी. आत्ता कागदावर पसरून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि लवकर संपवायचं, कारण ही राखाडी बुरशी थंडीत मंदावते, मरत नाही.

"मग हे मऊ पडलेले गच्चीवर वाळवते. बेदाणे होतील," आई म्हणाली. सोलापूरचं ऊन फुकट जाऊ द्यायचं नाही, हे तिचं तत्त्व.

"नका ओ काकू. काही बुरश्या विष सोडतात. वाळवलं तरी ते जात नाही."

एवढ्यात बायकोने टोपलीतून एक टोमॅटो आणला. देठाशी रुपयाएवढा काळा डाग, वर पांढरी लव. आईने विळी ओढली. "तेवढं कापून टाकलं की झालं."

"चिरू नका! टोमॅटो पाणीदार, धागे आत कुठवर गेलेत ते दिसत नाही. अख्खा टाका. बाकीचे कोरडे, टणक असले तर धुवून वापरा."

आईने विळी मिटली आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं. "आणि आंब्याला डाग पडला तर काय करायचं रे?"

"काकू, आंबे मे महिन्यात," असं म्हणून त्याने फोन ठेवला.