पोर्ट केलेल्या नंबरावर कॉल कोणत्या वाटेने येतो: एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:

«पोर्ट केल्यावर कॉलच्या वाटेवर जुनी कंपनी राहत नाही, हे आपले विधान पटले नाही. नंबराचे पहिले आकडे तिचेच राहतात, तेव्हा कॉल आधी तिच्याकडेच जाऊन पुढे वळवला जात असणार. माझाच अनुभव सांगतो. पोर्ट केल्यानंतर साताऱ्याच्या भावाला माझा फोन लागेना. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असे ऐकू येई, तेही जुन्या कंपनीच्या नेहमीच्या आवाजात. बाकी सगळ्यांचे फोन मात्र येत होते. दुबईच्या बहिणीचे कॉल येतात, पण एसएमएस अजून येत नाहीत. जुनी कंपनी सूड उगवते आहे, दुसरे काय?»

महोदय,

आपण दिलेला तपशील इतका नेमका आहे की त्यातच बहुतेक उत्तर दडलेले आहे. मात्र तिथे पोहोचण्याआधी मुंबईचे एक उदाहरण पाहू.

98210 या आकड्यांनी सुरू होणारे नंबर मुंबईत पूर्वी बीपीएल मोबाइलचे होते. याच कंपनीचे नाव पुढे लूप मोबाइल झाले. तिचा परवाना 29 नोव्हेंबर 2014 रोजी संपला, सेवा बंद झाली आणि ग्राहक आपापला नंबर घेऊन इतर कंपन्यांकडे गेले. आज 98210 ने सुरू होणाऱ्या नंबरावर फोन केला तर तो लागतो. कॉल आधी मूळ कंपनीकडे जाऊन मग वळवला जात असता, तर कंपनीचे एक्स्चेंज बंद झाले त्या दिवशीच हे सगळे नंबर मुके झाले असते. तसे झाले नाही, कारण भारतात नंबराचे पहिले आकडे पाहून वाट ठरत नाही. निदान पोर्ट झालेल्या नंबरांची तरी ठरत नाही.

आपण वर्णन केलेली पद्धत काल्पनिक मात्र नाही. ब्रिटनमध्ये ती प्रत्यक्ष वापरात आहे. तिथे कॉल ज्या कंपनीला ती सिरीज मुळात मिळाली होती तिच्याकडे जातो आणि ती तो पुढे नव्या कंपनीकडे पाठवते. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2009 मध्ये नियम केले तेव्हा वेगळी पद्धत निवडली. तिचे नाव ‘ऑल कॉल क्वेरी’. कॉल जिथून निघतो त्या कंपनीने, तो आपल्या नेटवर्कबाहेर पाठवण्यापूर्वीच, हा नंबर आज कोणाकडे आहे हे शोधायचे, असा तिचा अर्थ.

हा शोध प्रत्यक्षात कसा घेतला जातो ते पाहू. समजा नाशिकहून अ कंपनीच्या फोनवरून कोणी 98210 ने सुरू होणारा नंबर फिरवला आणि तो नंबर आता क कंपनीकडे आहे. अ कंपनीचे एक्स्चेंज प्रथम स्वतःच्याच यंत्रणेतील एका यादीत तो दहा आकडी नंबर शोधते. या यादीत देशभरातील पोर्ट झालेले नंबर असतात आणि प्रत्येकासमोर एक छोटा मार्गदर्शक क्रमांक असतो, ज्याला एलआरएन म्हणतात. प्रत्येक कंपनीला प्रत्येक सर्कलसाठी वेगळा एलआरएन दिलेला असतो, त्यामुळे कंपनी आणि सर्कल या दोन्ही गोष्टी त्यावरून कळतात. नंबर यादीत सापडला की क कंपनीचा मुंबईचा एलआरएन त्याच्या पुढे जोडला जातो, आणि पुढचा सगळा प्रवास त्या जोडलेल्या आकड्यांवर होतो. 98210 कडे कोणी पाहतही नाही. कॉल क कंपनीच्या दारात पोहोचला की ती एलआरएन काढून टाकते, मूळ दहा आकडे घेऊन आपल्या एचएलआरला, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवहीला, हा फोन या क्षणी कोणत्या एक्स्चेंजच्या हद्दीत आहे असे विचारते, आणि मग रिंग वाजते. नंबर यादीत सापडलाच नाही, तर तो कधी पोर्ट झालेला नाही असे धरून सिरीजप्रमाणे पाठवला जातो. पहिल्या आकड्यांना एवढेच महत्त्व उरले आहे. नंबर दोनदा-तीनदा पोर्ट झाला असला तरी यादीत फक्त शेवटची कंपनी असते, मधल्या कंपन्यांची साखळी तयार होत नाही.

ही यादी येते कुठून, हे आपल्या भावाच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. पोर्टिंगसाठी देशाचे दोन विभाग केलेले आहेत. मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा ही सर्कल पहिल्या विभागात, म्हणजे उत्तर आणि पश्चिमेच्या, येतात, तर दक्षिण आणि पूर्वेकडील सर्कल दुसऱ्यात. प्रत्येक विभागासाठी एक मध्यस्थ संस्था आहे. कंपनी बदलण्याच्या रात्री ही मध्यस्थ संस्था जुन्या कंपनीला तो बंद करायला सांगते आणि नव्या कंपनीला सुरू करायला सांगते. जुन्या सिमचे नेटवर्क जाते तो हाच क्षण. त्यानंतर ‘हा नंबर आता अमुक एलआरएनवर’ असा संदेश सर्व कंपन्यांना एकाच वेळी धाडला जातो आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या यादीत नोंदवते. प्रत्येक कॉलला मध्यस्थाकडे विचारणा होते असा एक समज आहे, पण तसे होत नाही. मध्यस्थ कॉलच्या वाटेवर नसतोच. विचारणा कंपनीच्या घरातल्या प्रतीलाच होते, म्हणून तिला लागणारा वेळ आपल्या कानाला जाणवत नाही.

प्रती अनेक असल्या की एखादी मागे राहू शकते, आणि आपल्या बाबतीत नेमके तेच घडलेले दिसते. बाकी सगळ्यांचे फोन येत होते, म्हणजे त्यांच्या कंपन्यांच्या याद्यांत आपला नवा एलआरएन पोहोचला होता आणि आपल्या नव्या कंपनीच्या एचएलआरमध्येही आपली नोंद व्यवस्थित होती. अडत होते ते फक्त भावाच्या कंपनीत. तिच्या प्रतीत त्या रात्रीचा संदेश नोंदवला गेला नसावा; म्हणून तिने आपला नंबर पोर्ट न झालेला समजून पहिल्या आकड्यांप्रमाणे जुन्या कंपनीकडे पाठवला. जुन्या कंपनीने आपली नोंद नियमानुसार काढून टाकलेली होती, तेव्हा तिच्या एक्स्चेंजने ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असे सांगितले. आवाज तिचा असणे स्वाभाविक होते, कारण कॉल चुकून तिच्या दारात येऊन पडला होता. ऐकणाऱ्याला मात्र तीच दोषी वाटते, आणि खरा दोष जिथे आहे ती कंपनी यात कुठेच दिसत नाही. भावाच्या कंपनीने आपली यादी मध्यस्थाच्या नोंदींशी ताडून पाहिली की असा नंबर सापडतो आणि दुरुस्त होतो.

हीच पारख उलट्या बाजूनेही उपयोगी पडते. कोणत्याच नेटवर्कवरून फोन लागत नसेल, तर गोंधळ बहुधा नव्या कंपनीत आहे. एकाच नेटवर्कवरून लागत नसेल, तर त्याच नेटवर्कच्या दुसऱ्या एखाद्या फोनवरून करून पाहावे. तोही अडला तर संशयाला जागा उरत नाही.

सूड उगवण्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या कंपनीला अडवणूक करायची असेल, तर तिची वेळ पोर्ट होण्यापूर्वीची असते. पोर्टिंगसाठी 1900 वर `PORT` आणि पुढे आपला नंबर असा एसएमएस पाठवल्यावर जो कोड मिळतो, तो पूर्वी जुनी कंपनीच देत असे, आणि विनंती फेटाळण्यासाठी कारणेही तीच दाखवत असे. 16 डिसेंबर 2019 पासून हा कोड मध्यस्थ संस्था तयार करते. बिल थकलेले आहे का, या कंपनीत 90 दिवस पूर्ण झाले आहेत का, अशा ठरावीक बाबी ती जुन्या कंपनीच्या यंत्रणेकडून तिथल्या तिथे तपासून घेते. नंबर एकदा हातातून गेल्यावर इतर कंपन्यांच्या याद्यांत जुन्या कंपनीला हात घालता येत नाही.

आता दुबईचा एसएमएस. इथे आपला तर्क बऱ्याच अंशी बरोबर आहे. माझे विधान कॉलपुरते होते, आणि एसएमएसचा मार्ग खरोखर वेगळा आहे. बहिणीचा कॉल दुबईच्या कंपनीकडून निघतो तेव्हा तिला भारतातील पोर्ट झालेल्या नंबरांची यादी ठाऊक नसते. ती +91 पाहून तो कॉल भारतातील आंतरराष्ट्रीय गेटवेकडे सोपवते, आणि यादी पाहून एलआरएन लावण्याची जबाबदारी त्या गेटवे चालवणाऱ्या कंपनीवर असते. म्हणून कॉल नीट येतात.

एसएमएस मात्र असा गेटवेकडे सोपवला जात नाही. दुबईचे एसएमएस केंद्र आधी केवळ एक चौकशी पाठवते: हा ग्राहक आत्ता कोणत्या एक्स्चेंजच्या हद्दीत आहे? ही चौकशी आपल्या नंबरालाच पत्ता मानून पाठवली जाते, आणि वाटेतले वाहक ती पहिल्या आकड्यांवरूनच पुढे ढकलतात. त्यामुळे ती सिरीजच्या मूळ मालकाच्या नेटवर्कवर पोहोचते. तिथे एक रिले बसवलेला असावा लागतो, जो पोर्टिंगची यादी पाहून चौकशी नव्या कंपनीच्या एचएलआरकडे पाठवतो. हा रिले नीट चालत नसेल, किंवा परदेशी वाहकाच्या तक्त्यात जुनीच नोंद बसली असेल, तर चौकशीला ‘अनोळखी ग्राहक’ असे उत्तर मिळते आणि एसएमएस तिथेच संपतो. म्हणजे या एका वाटेवर मूळ कंपनी अजूनही आहे. पण तिचा हेतू वाईट आहे असे यावरून म्हणता येणार नाही. तिच्या रिलेत बिघाड असेल, तर तिच्या सिरीजमधून बाहेर गेलेल्या इतर ग्राहकांनाही परदेशातून हाच त्रास होत असणार.

तक्रार कोणाकडे करावी हेही यावरूनच ठरते. भावासारखी अडचण पुन्हा आली, तर तक्रार भावाने त्याच्या कंपनीकडे करावी, आपण आपल्या कंपनीकडे नव्हे. कारण दुरुस्त व्हायची यादी तिच्या घरात आहे. दोन्ही नंबर, कॉल केल्याची वेळ आणि ऐकू आलेले वाक्य जसेच्या तसे लिहून द्यावे. ‘फोन लागत नाही’ एवढेच लिहिले तर ग्राहक सेवा केंद्र सिम काढून पुन्हा घालायला सांगेल. दुबईच्या एसएमएसबाबत दोन्ही टोकांनी तक्रार करणे बरे. बहिणीने तिथल्या कंपनीला एसएमएस पाठवल्याची तारीख आणि वेळ द्यावी. आपण तीच माहिती आपल्या नव्या कंपनीला द्यावी आणि ही चौकशी त्यांच्या एचएलआरपर्यंत पोहोचली होती का, एवढा एकच प्रश्न विचारावा. पोहोचली नसेल, तर ती वाटेत अडली हे सिद्ध होते, आणि मूळ सिरीजच्या कंपनीकडे हा विषय नेण्यासाठी त्यांच्या अभियंत्यांना तेवढे पुरते.