सकाळी भूक नाही, म्हणून कॉर्टिसॉलवर खापर कशाला?

"वर्षानुवर्षं नाश्ता न करणाऱ्यांनो, सकाळी भूक लागत नाही ना? ही चांगली गोष्ट नाही! कॉर्टिसॉलने तुमची भूक मारून टाकली आहे. शरीर उपासमारीच्या मोडमध्ये गेलंय, मेटाबॉलिझम बंद पडलंय. उठल्यावर अर्ध्या तासात जबरदस्तीने पोटभर खा, नाहीतर ॲड्रिनल ग्रंथी थकून कायमच्या निकामी होतील. सगळ्यांना पाठवा."

हा मेसेज माझ्या ताईला आला. तिने कॉलेजपासून सकाळी चहापलीकडे काही घेतलेलं नाही आणि तिचं छान चाललं होतं. आता गेले काही दिवस ती डोळे उघडल्या उघडल्या मळमळत असताना घास कोंबते आहे आणि मला विचारते आहे, "अगं, माझ्यात काही बिघडलंय का?" म्हणून हे लिहिणं आलं.

सगळ्यात उफराटा मुद्दा कॉर्टिसॉलचा, त्यामुळे आधी तोच घेते. कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमधून येणारं संप्रेरक, आणि ते सकाळी जास्त असतं, हे खरंच आहे. पण ते सगळ्यांचंच असतं. नाश्ता करणाऱ्याचं, न करणाऱ्याचं, सुखी माणसाचं, दुःखी माणसाचं. मध्यरात्रीच्या आसपास ते तळाला असतं, पहाटे चढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं. दिवसभर ते उतरत जातं. पहाटे-सकाळी त्याचं एक काम म्हणजे यकृताला साखर तयार करायला लावणं, म्हणजे रात्रभर काही न खाताही उठताना रक्तातली साखर जागेवर असते. हा बिघाड नाही, रोजची व्यवस्था आहे.

आणि कॉर्टिसॉल भूक मारतं हे कुठून आलं? प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या ज्यांनी काही आठवडे घेतल्या आहेत त्यांना विचारा. ते कॉर्टिसॉलच्याच जातकुळीतलं स्टेरॉइड औषध आहे, आणि त्याची नेहमीची तक्रार म्हणजे सारखी भूक लागते. कुशिंग्ज नावाच्या आजारात कॉर्टिसॉल बराच काळ प्रमाणाबाहेर राहतं, त्यात वजन वाढतं. उलट ॲडिसन्समध्ये ते फार कमी पडतं, आणि तेव्हा अन्नावरची वासना उडते. म्हणजे मेसेजवाल्याने गाडी बरोबर उलट्या दिशेला हाकली आहे. अचानक भीती वाटली की भूक पळते, हे खरं, पण ते काम मुख्यतः ॲड्रिनलिनचं आणि तेवढ्या वेळापुरतं. रोज सकाळी सात वाजता ताईला कोणी घाबरवत नाही.

मग भूक जाते कुठे? जात नाही, तिची वेळ ठरलेली असते. 2013 साली फ्रँक शीअर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांना 13 दिवस प्रयोगशाळेत ठेवलं. मंद उजेड, आणि दिवस 24 तासांचा नव्हे तर 20 तासांचा. त्यामुळे झोप आणि जेवण शरीराच्या घड्याळावर सगळीकडे फिरत राहिलं, आणि शेवटचं कधी खाल्लं याचा परिणाम वेगळा काढून घड्याळाचा स्वतःचा परिणाम बघता आला. भूक सर्वात कमी निघाली शरीराच्या घड्याळात सकाळी आठच्या सुमारास, सर्वात जास्त संध्याकाळी आठच्या सुमारास. रात्रभर उपाशी राहूनही सकाळी माणूस कावलेला का नसतो, याचं उत्तर यात आहे. माणसं बाराच होती, मान्य. पण पद्धत इतकी काटेकोर आहे की फॉरवर्डसमोर ती मला पुरते.

हा झाला सगळ्यांचा पाया. त्यावर सवय चढते. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक येतं, ते मेंदूला खाण्याची आठवण करून देतं. ते फक्त पोट रिकामं झालं म्हणून चढत नाही, नेहमीच्या जेवणाची वेळ जवळ आली म्हणूनही चढतं. ताईचंच घ्या. रात्री साडेनऊला जेवण, साडेअकराला झोप, साडेसहाला उठणं, पहिला घास दुपारी एकला. साडेसहाला घड्याळ भुकेच्या तळाजवळ, रात्री जेवण उशिरा झालेलं, यकृत साखर पुरवतंय, आणि घ्रेलिनला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने सकाळी सातची अपेक्षाच नाही. भूक लागेल कशी? पण तीच ताई साडेबारापासून घड्याळाकडे बघायला लागते, आणि मीटिंग लांबली तर चिडते. भूक मेलेली असती तर ती दुपारीही आली नसती. जेवण हुकलं तर आणखी गंमत: अडीचच्या सुमाराला काही न खाताच ती ओसरते. उपाशी ठेवलेल्या माणसांमध्येही घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळेला चढून आपोआप उतरलेलं दिसलं आहे.

सवयीनेच आलेलं असल्याने ते सवयीने हलतंही. सकाळी भूक हवीच असेल तर रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करा, सकाळी उठून तास-दीड तासाने चार घास रोज त्याच वेळी घ्या. हळूहळू त्या वेळेला पोट बोलू लागतं. अर्ध्या तासात पोटभर कोंबणं हा त्यातला सर्वात वाईट मार्ग, कारण तेव्हा भूक तळाला असते, आणि वर मळमळीची सवय लागते ती वेगळीच.

मेटाबॉलिझमचं थोडक्यात. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात सहा आठवडे एका गटाला नाश्ता दिला, दुसऱ्याला दुपारपर्यंत काही नाही. विश्रांतीतल्या ऊर्जाखर्चात फरक पडला नाही. एवढं मान्य करते की न खाणारे सकाळी हालचाल जरा कमी करत होते आणि त्यांची दुपारनंतरची साखर जास्त वरखाली होत होती. नाश्ता टाळणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉलची दिवसभराची लय वेगळी दिसल्याचंही एका अभ्यासात आहे. पण त्यात कशामुळे काय झालं ते ठरत नाही, आणि "भूक मारली" तर कुठेच नाही.

ॲड्रिनल थकण्याबद्दल माझा संयम संपतो. असं निदान अंतःस्रावी ग्रंथींचे डॉक्टर मानतच नाहीत. पण या थकव्यावर विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांच्या तपासणीत थायरॉइडचं संप्रेरक आणि स्टेरॉइड सापडली आहेत, लेबलवर काहीही न लिहिता. बाहेरून स्टेरॉइड घेत राहिलं की ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं खरोखर कमी करते. म्हणजे ज्याची भीती घातली तेच विकत घ्यायचं. ताईने अशी बाटली ऑर्डर केली होती, ती मी परत करायला लावली.

आता खरी काळजी कुणी करायची ते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी भूक नाही म्हणून सकाळचं खाणं परस्पर सोडू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि सवयीमुळे सकाळी भूक नसेल तर ते ओळखायची खूण अशी: ते जुनं असतं, वजन स्थिर असतं, आणि आपल्या वेळेला भूक सपाटून लागते. पण वासना नव्याने आणि दिवसभरासाठी उडाली, वजन उतरू लागलं, उभं राहताना चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, हातावरच्या रेषा काळपट पडू लागल्या, तर डॉक्टरांकडे जा. ते सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायला सांगतील, आणि तेव्हा चिंता ते जास्त निघण्याची नसते, कमी निघण्याची असते.