अरेका पामच्या कुंडीवरचा पांढरा थर – नर्सरीकडून उत्तर

★☆☆☆☆ "३ महिन्यांपूर्वी इथून १० इंची मातीच्या कुंडीत अरेका पाम घेतला. आता मातीवर पांढरी बुरशी आलीये, कुंडीच्या काठाला पण पांढरं चढलंय, पानांची टोकं जळाली. रोज अर्धा लिटर पाणी घालते, तेही आरओचं वाया जाणारं पाणी साठवून, दर १५ दिवसांनी एक चमचा १९-१९-१९ पण टाकते. माती खराब देतात. घेऊ नका."

नमस्कार ताई, तुम्ही पाणी कुठलं आणि खत किती ते सगळं लिहिलंत हे फार बरं केलंत, त्यामुळे नीट सांगता येतंय. फोटो बघितले, ती बुरशी नाहीये, ते क्षार आहेत. घरी तपासून बघा. बुरशी कापसासारखी मऊ असते, बोट लावलं की चिकटते किंवा दबते. क्षाराचा थर कडक असतो, नखाने खरवडला की खरखरीत भुगा निघतो. त्या भुग्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, बुडबुडे आले तर तो पाण्यातला चुना, म्हणजे गिझरच्या कॉइलवर जो थर बसतो तोच. बुडबुडे नाही आले आणि भुगा पाण्यात विरघळला तर त्यात खताचे क्षार जास्त. तुमच्या कुंडीत दोन्ही असणार असं मला वाटतं.

आता हे आले कुठून. आरओ मशीन पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, प्यायच्या पाण्यातनं काढून बाजूच्या पाइपमधून सोडून देतं, म्हणजे ते वाया जाणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचं असतं. समजा तुमच्या सोसायटीच्या बोअरचा टीडीएस ८०० आहे तर त्या पाइपच्या पाण्याचा साधारण ११०० होतो, म्हणजे एका लिटरमध्ये ११०० मिलिग्रॅम क्षार. रोज अर्धा लिटर म्हणजे रोज ५५० मिलिग्रॅम, ३ महिन्यांत जवळपास ५० ग्रॅम. त्यावर १९-१९-१९ चे ६ चमचे, चमचा ५ ग्रॅमचा धरला तरी ३० ग्रॅम. झाड यातलं थोडंच घेतं, त्यात अरेका घरात सावलीत असेल तर वाढ हळू त्यामुळे अजूनच कमी. पाणी उडून जातं पण क्षार उडत नाहीत, ते तिथेच राहतात. आणि १० इंची कुंडीत अर्धा लिटर पाणी वरच्या मातीतच मुरतं, खालच्या भोकातनं बाहेर येतच नाही, मग क्षारांना बाहेर पडायला वाटच नाही. माती वरून वाळते तसं खालचं पाणी वर ओढलं जातं आणि जाताना क्षार वर सोडून जातं. मातीच्या कुंडीची भिंत पण पाणी शोषते आणि काठाशी हवेत सुकवते, म्हणून काठ पांढरा. प्लास्टिकच्या कुंडीला भिंतीतनं असं होत नाही, पण म्हणून तिच्यातल्या मातीत क्षार नसतात असं नाही, फक्त भिंतीवर दिसत नाहीत.

पानांची टोकं जळतात ती पण याच्यामुळेच. मुळांभोवतीचं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढायला जड जातं, माती ओली असून झाड तहानलेलं राहतं, आणि जे क्षार आत जातात ते पानांच्या टोकाशी साठतात. अरेकाला हे फार लवकर जाणवतं. बरेच जण टोकं तपकिरी झाली की खत कमी पडलं समजून अजून खत घालतात आणि प्रकरण वाढतं, तेवढं कृपया करू नका. आमच्या मिक्समध्ये लाल माती, गांडूळखत आणि धुतलेलं कोकोपीट असतं, त्यातनं ३ महिन्यांत एवढा थर येत नाही.

आता धुवायचं कसं. आधी वरचा थर साधारण १ सेंटीमीटर मातीसकट खरवडून फेकून द्या, जास्त खोल जाऊ नका, अरेकाची मुळं वरपर्यंत असतात. हे आधीच करायचं, कारण वरून पाणी ओतलं तर विरघळणारे क्षार परत खाली मुळांकडे जातात आणि चुना तर साध्या पाण्यात विरघळतच नाही. मग कुंडीखालची प्लेट काढा, कुंडी बाथरूममध्ये नाहीतर बाल्कनीच्या मोरीजवळ दोन विटांवर ठेवा आणि एक मग पाणी घालून बघा भोकातनं येतंय का. नाही आलं तर खालून काडीने भोक मोकळं करा, त्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर मुळं कुजतील. कोकोपीट एकदम कोरडं असेल तर पाणी कडेकडेने पळून जातं आणि आपल्याला वाटतं धुतलं गेलं, म्हणून आधी एक-दोन मग घालून अर्धा तास मुरू द्या.

तुमच्या कुंडीत अंदाजे ८ लिटर माती बसते, तिच्या दुप्पट म्हणजे १६ लिटर पाणी लागेल, साधारण एक बादली. एकदम ओतू नका, झारीने हळूहळू, ४ हप्त्यांत, प्रत्येक हप्त्यानंतर पाणी पूर्ण निथळू द्या. पाणी महापालिकेच्या नळाचं घ्या, खडकवासल्याचं पाणी बोअरच्या मानाने बरंच मऊ आहे. ते येत नसेल तर साधं बोअरचं पण चालेल, कारण कुंडीतलं पाणी त्याहून कितीतरी खारट झालेलं असतं, फक्त शेवटी ते बोअरच्या पातळीपर्यंतच उतरेल, त्याखाली नाही. टीडीएस मीटर असेल तर खालून निघणारं पाणी मोजा, सुरुवातीला आकडा खूप मोठा येईल, तो आत घातलेल्या पाण्याच्या जवळ आला की थांबा. सॉफ्टनरचं पाणी मात्र अजिबात नको, त्यात चुन्याच्या जागी सोडियम येतं आणि ते झाडाला जास्त त्रास देतं.

निथळून झालं की वर नवीन माती घाला, नर्सरीत आलात तर मी एक पिशवी देतो, पैसे नकोत. काठावरचं पांढरं ओल्या ब्रशने जमेल तेवढं काढा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कुंडी घासायची असेल तर ती रिकामी असताना, झाड असताना मातीत व्हिनेगर नको.

पुढे आरओचं ते पाणी फरशी पुसायला वापरा. अरेकाला रोज थोडं थोडं न घालता वरची इंचभर माती सुकली की भरपूर घाला, भोकातनं बाहेर येईपर्यंत, आणि प्लेटमध्ये साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या, नाहीतर धुतलेले क्षार परत वर जातात. या धुण्याने खतही वाहून जातं, तरी ३ आठवडे काही घालू नका, मग १९-१९-१९ एका लिटर पाण्यात १ ग्रॅम, महिन्यातनं एकदा, ओल्या मातीवर. बोअरचंच पाणी असेल तर ४ महिन्यांनी परत धुवा आणि पावसाळ्यात कुंडी चांगल्या पावसात एक-दोन दिवस बाहेर ठेवा, फक्त लगेच कडक उन्हात नको.

जळालेली टोकं परत हिरवी होणार नाहीत, ती कात्रीने कापून टाकलीत तरी चालेल. मधून जी नवीन पात निघेल तिच्याकडे बघा. तिचंही टोक जळायला लागलं तर कुंडीसकट घेऊन या, मुळं बाहेर काढून बघतो आणि गरज पडली तर तुमच्यासमोरच पूर्ण माती बदलून देतो.